सहा नंबरच्या टेबलावरचं गिऱ्हाईक

तापटरावांना तापटराव म्हणायला लागून पंधरा वर्षं झाली, आणि या पंधरा वर्षांत ते कुणावर खरोखर खेकसले असतील तर शपथ. माणूस असा, की कुणी त्यांचा पाय तुडवला तर "तुम्हाला लागलं नाही ना?" म्हणून तेच विचारतील. हॉटेलाच्या मागच्या बाजूला, भांडी धुण्याच्या मशीनला लागून जी क्रोकरीची खोली आहे, तिचा सगळा कारभार त्यांच्याकडे. बश्या, कप, सूपचे वाडगे, काचेचे ग्लास. किती बाहेर गेले, किती परत आले, कशाला तडा गेला, कशाचा टवका उडाला, हे त्यांना न बघताही कळतं म्हणतात. म्हणणारे अर्थात अतिशयोक्ती करतात. ते बघतात, सारखेच बघतात, त्यांची नजर भांड्यावरून हलतच नाही.

मग अशा गरीब गाईला तापटराव कोण म्हणेल? त्याचं कारण सहा नंबरच्या टेबलावर आहे.

या हॉटेलात वेटरची भरती असली की मुलाखतीचे दोन भाग असतात. पहिल्या भागात बसून प्रश्नोत्तरं. दुसऱ्या भागात प्रसंग. उमेदवाराला रेस्टॉरंटमध्ये उभं करायचं, समोर सहा नंबरच्या टेबलावर एक चिडलेलं गिऱ्हाईक बसवायचं आणि म्हणायचं, सांभाळ याला. पंधरा वर्षांपूर्वी गिऱ्हाईक व्हायला ठरलेला माणूस आयत्या वेळी आला नाही. मॅनेजरबाई, ज्या तेव्हा नव्या होत्या, मागच्या दाराने बाहेर आल्या आणि बश्यांचा क्रेट घेऊन निघालेल्या माणसाला त्यांनी हाताला धरून आत नेलं. कुणा गिऱ्हाइकाचा विसरलेला, परत न्यायला कुणी न आलेला एक करडा कोट त्याच्या अंगावर चढवला आणि सांगितलं, "सूप थंड आहे. ओरडा."

आणि हा माणूस ओरडला! असा ओरडला की आतून दोन आचारी धावत आले. उमेदवार पोरगी रडकुंडीला आली. ओरडून झाल्यावर कोट काढून, घडी घालून, "माफ करा हं, बाळ" म्हणून तापटराव परत आपल्या बश्यांकडे गेले. तेव्हापासून नाव तेच, आणि कामही तेच. वर्षातून तीन-चार वेळा करडा कोट अंगावर चढतो.

लोकांना वाटतं ते नाटक करतात. नाटक नव्हे. त्यांना रागाबद्दल मुळातच कुतूहल आहे. कुणाला पक्षी बघायचा नाद असतो, कुणाला जुनी नाणी जमवायचा, तसा यांना राग बघायचा. राग येतो कुठून, चढतो कसा आणि जातो कुठे? बस-थांब्यावर दोघांचं वाजलं की इतर लोक लांब सरकतात, तापटराव जवळ सरकतात. सूप थंड म्हणून ओरडणारा माणूस बहुतेक वेळा सूपवर चिडलेला नसतो, हे त्यांना असंच कळलं. त्याने तीनदा हात वर केलेला असतो आणि तिन्ही वेळा कुणी पाहिलेलं नसतं. सूप फक्त शेवटी येतं, म्हणून शिव्या खातं.

आणि त्यांचा एक नियम होता. खोटं शांत व्हायचं नाही. उमेदवार काहीही म्हणो, आतून निवल्यासारखं वाटलं तरच निवायचं. कित्येक पोरं घडाघडा पाठ केलेलं म्हणत, "सर, झालेल्या त्रासाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत," आणि तापटराव त्यांना पुढची दहा मिनिटं फैलावर घेत. मॅनेजरबाई म्हणायच्या, ताप मोजायला थर्मामीटर आणि वेटर मोजायला तापटराव.

आता खरी गंमत ऐका. हा थर्मामीटर स्वतः याच परीक्षेत नापास झालेला होता. बावीस वर्षांपूर्वी ते या हॉटेलात वेटर व्हायलाच आले होते. त्यांना विचारलं, गिऱ्हाईक अंगावर ओरडतंय, काय कराल? ते म्हणाले, "गप्प उभा राहीन." मग? "त्यांचं ओरडून झालं की बोलेन." समोरचे तिघं हसले. मागे क्रोकरीत तात्पुरती जागा आहे, तिथे बसा, पुढचं पुढे बघू, असं सांगितलं. पुढचं कुणी बघितलं नाही. त्यांनी सहा नंबरवर बसून पारखलेली पोरं वेटर झाली, त्यातली दोघं तर कॅप्टनसुद्धा झाली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ते तापटराव रोज बश्या पुसत बघत होते. बोलले काही नाहीत. पण रोज दुपारी ते जे झुलतं दार ढकलून वेटर लोक पुढे जातात, त्या दाराच्या गोल काचेतून ते पुढची टेबलं बघत. तिथे उभं राहायची इच्छा गेलेली नव्हती. ती त्यांना फार होती, इतकी की कुणाला सांगायचीसुद्धा लाज वाटे.

यंदा कॅप्टनची एक जागा निघाली. कॅप्टन म्हणजे आठ-दहा टेबलांचा आणि त्यावरच्या वेटरांचा मुख्य, तक्रार आली की पहिली त्याच्याकडे येते. अशी जागा सात-आठ वर्षांतून एकदा निघते, आणि हॉटेलातल्याच माणसाला घ्यायचं तर वयाची अट पन्नास. तापटरावांना एकोणपन्नास पूर्ण. पुढची संधी नव्हतीच. त्यांनी अर्ज टाकला आणि घरी अवाक्षर काढलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी त्यांनी बायकोला पांढरा शर्ट मागितला.

बायको घरीच शिलाई करते. लोकांचे जुने कपडे घट्ट कर, सैल कर, पडदे शिवून दे. तिचं मशीन खिडकीशी असतं आणि सकाळी सातपासून चालू असतं. ती मशीन थांबवून म्हणाली, "पांढरा? तो कशाला? आज तुमची ती ओरडायची भरती आहे का?"

"हो. नाही. म्हणजे भरती आहे," तापटराव म्हणाले. "पण माझीच आहे. कॅप्टनची."

"कधी ठरलं?"

"महिना झाला अर्ज देऊन."

"महिना!" तिने दातात धरलेला धागा सोडून त्यांच्याकडे पाहिलं. "महिनाभर एका घरात जेवतोय आपण. मला नाही सांगितलंत?"

"नाही झालं तर उगाच... मागल्या वेळी तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस."

हे त्यांनी बोलायला नको होतं. बोलल्यावर त्यांनाही कळलं. बावीस वर्षांपूर्वी नवऱ्याला वेटरची नोकरी लागणार म्हणून नव्या नवरीने शेजारीपाजारी सांगितलं होतं, आणि मग बश्या पुसायला गेला हेही तिलाच सांगत फिरावं लागलं होतं.

तिने धागा रिळाला गुंडाळला. मग म्हणाली, "बरं. जाऊ दे." उठून तिने शर्टाला इस्त्री केली, कॉलरला अगदी दोनदा केली, आणि पुन्हा मशीन चालू केलं.

तापटरावांना हायसं वाटलं. मिटलं म्हणाले मनात, आणि निघाले.

मुलाखत दुपारी तीनला होती. दुपारची जेवणं उरकलेली असतात, संध्याकाळची मांडामांड सुरू झालेली नसते, तेव्हा रेस्टॉरंट कसं शाळा सुटल्यावरच्या वर्गासारखं दिसतं. खिडकीजवळच्या लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधे मॅनेजरबाई, डावीकडे मुख्य शेफ आणि उजवीकडे मुख्य कार्यालयातून आलेले भरती अधिकारी. हे अधिकारी नवे होते. त्यांच्यापुढे गुणांचा तक्ता होता आणि प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण द्यायचे होते. तापटराव बावीस वर्षांनी पुन्हा त्या टेबलाच्या या बाजूला बसले. खुर्ची तीच, पण टोचायला लागली.

"गिऱ्हाईक एका वेटरला वाटेल ते बोलतंय," अधिकाऱ्यांनी वाचून विचारलं, "आणि चूक वेटरची नाही. तुम्ही कॅप्टन आहात. काय कराल?"

"वेटरला आधी तिथून काढीन," तापटराव म्हणाले. "काहीतरी काम सांगून. पाणी आण, मेनू आण. गिऱ्हाइकासमोर त्याला रागावणार नाही, आणि गिऱ्हाइकासमोर त्याची बाजूही घेणार नाही. गिऱ्हाइकाचं सगळं ऐकीन. पुढचं वाढायला दुसरा वेटर पाठवीन. आणि शेवटी मागे जाऊन त्या पोराचंही ऐकीन. त्याचं सहसा कुणी ऐकत नाही."

मॅनेजरबाईंनी मान हलवली. अधिकाऱ्यांनी पाच लिहिले.

"एकाच वेळी दोन टेबलं चिडली आहेत. आधी कुणाकडे जाल?"

"दोघांकडे. एकाला सांगीन, मी तुम्हाला पाहिलंय, इतक्या मिनिटांत येतो. आणि तितक्याच मिनिटांत येईन. दिसलो नाही, हे वाटलं की राग दुप्पट होतो."

पुन्हा पाच. गिऱ्हाईक म्हणतंय पैसे देणार नाही, तर? "ते माझ्या अधिकारात नाही. नाही म्हणणार नाही, हो पण म्हणणार नाही. मॅनेजरना बोलावीन आणि त्या टेबलाशी येईपर्यंत त्यांना सगळी हकीकत सांगीन, म्हणजे गिऱ्हाइकाला तेच पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागू नये." पाच. उत्तरं पाठ नव्हती, पण पंधरा वर्षं समोर ऐकलेली होती. चोराच्या वाटा चोराला ठाऊक असतात, तसं होतं ते.

"आता प्रसंग," अधिकारी म्हणाले. "पण गिऱ्हाईक कोण होणार? तुमच्याकडचं नेहमीचं गिऱ्हाईक कोण?"

तिघांनी तापटरावांकडे पाहिलं. तापटरावांनी जमिनीकडे पाहिलं.

"मी होतो," शेफ उठले. "मला राग आणावा लागत नाही. घालवावा लागतो." त्यांनी करडा कोट अंगात कोंबायचा प्रयत्न केला, खांद्यात अडकला, तसाच ठेवला आणि सहा नंबरवर जाऊन बसले. टेबलावर नेहमीसारखी मांडणी होती. पाण्याचा ग्लास, बाजूची बशी, कॉफीचा कप. मॅनेजरबाईंनी प्रसंग वाचला. गिऱ्हाइकाला येऊन पस्तीस मिनिटं झालीत, जेवण आलेलं नाही, आणि शेजारच्या टेबलावर मागाहून आलेले लोक जेवून उठायला आलेत.

तापटराव टेबलाशी गेले, समोर नाही, जरा बाजूला उभे राहिले. समोर छाती काढून उभं राहिलं की गिऱ्हाइकाला भांडायला बोलावल्यासारखं वाटतं, हे त्यांनीच किती पोरांना शिकवलं होतं.

शेफनी सुरुवात केली ती थेट सातव्या मजल्यावरून. "काय चाललंय काय इथे? पस्तीस मिनिटं! त्या लोकांना जेवण, आणि मी काय पाहुणा म्हणून आलोय? तुमचं स्वयंपाकघर झोपलंय का? तो शेफ काय करतोय, पेपर वाचतोय?" एवढं बोलल्यावर स्वतःचाच अपमान झाल्याचं त्यांच्या लक्षात आलं, आणि मग त्यांना खराच राग आला. चेहरा लाल झाला. "अरे, इतका वेळ माझ्या... माझ्याच बाबतीत का? माणूस काय वेडा म्हणून बसलाय इथे?"

तापटराव मध्ये बोलले नाहीत. पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाले, "सर, तुम्ही पस्तीस मिनिटं थांबलात आणि तुमच्या नंतर आलेल्यांना आधी वाढलं गेलं. ही आमची चूक आहे, मी माफी मागतो. मी आत्ता आत जाऊन बघतो, दोन मिनिटांत येऊन तुम्हाला सांगतो की नेमका किती वेळ लागेल. तोवर तुमच्यासाठी गरम सूप पाठवू का?"

बिनचूक. माफी, कारणं न देणं, आतल्यांकडे बोट न दाखवणं, वेळ सांगणं, हातात काहीतरी देणं. सगळं जागच्या जागी. अधिकाऱ्यांचं पेन तक्त्यावर खाली आलं.

शेफनी खुर्चीला पाठ टेकली. "बरं," ते म्हणाले. "जाऊ द्या."

"गिऱ्हाईक शांत झालं," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी पाच लिहायला घेतले.

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? हसावं, मान तुकवावी, खाली बसावं. बावीस वर्षांची वाट पाहणं त्या एका आकड्याने संपत होतं. तापटराव मात्र तिथेच उभे राहिले. त्यांना काहीतरी खुपत होतं, आणि ते काय आहे ते त्यांना फार चांगलं माहीत होतं. त्यांचा नियम खुपत होता. समोर तीन हातांवर एक माणूस "जाऊ द्या" म्हणून बसला होता, आणि त्याच्या हाताची मूठ टेबलावर तशीच आवळलेली होती.

"साहेब," ते म्हणाले, "पाच देऊ नका."

"का?"

"हे गिऱ्हाईक गप्प झालंय. शांत झालेलं नाही." त्यांनी टेबलावरची मूठ दाखवली. "मी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत असतो तर मीही जाऊ द्या म्हणालो असतो, सूप पिऊन गेलो असतो आणि पुन्हा इथे पाऊल टाकलं नसतं. मी एखाद्या पोराला यावर दोनच्या वर दिले नसते."

अधिकाऱ्यांना काय करावं कळेना. तक्त्यावर उमेदवाराने स्वतःचे गुण कापायला रकाना नव्हता. मॅनेजरबाई मात्र पुढे सरकून बसल्या. "मग दोन मिळालेला पोरगा एवढ्यावरच थांबतो का, तापटराव?"

"नाही मॅडम."

"मग तुम्हीही थांबू नका."

तापटराव पुन्हा शेफकडे वळले. सूप नाही, माफी नाही, दुसरं काही नाही. त्यांनी फक्त विचारलं, "सर, अजून काही राहिलंय का?"

आणि शेफ उसळले. "राहिलंय! मघापासून मी बोंबलतोय आणि तुम्ही काय बघत होतात? कप! माझं तोंड सुरू असताना तुम्ही तो कप फिरवून बघत होतात! मी माणूस आहे का टेबलावरचं सामान आहे? माझ्याकडे बघितलंत का एकदा तरी?"

तापटरावांनी खाली पाहिलं. आणि त्यांना दिसलं, की त्यांचं बोट खरंच कपाच्या कानावर होतं. कपाच्या कडेला, कानाच्या अगदी जवळ, तांदळाएवढा टवका उडालेला होता. शेफ ओरडत असताना त्यांच्या नकळत त्यांच्या हाताने कप हळूच वळवला होता, टवका गिऱ्हाइकाच्या ओठाला लागू नये म्हणून. बावीस वर्षांची सवय. डोळे गेले भांड्यावर आणि माणूस राहिला बाजूला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे म्हणायला कुणाची गरज नव्हती, त्यांचे कान आपोआप गरम झाले.

लाज वाटली त्यांना. खूप वाटली. एखादा दुसरा म्हणाला असता, सर, कप फुटलेला होता, तुमच्याच भल्यासाठी बघत होतो. खरंही होतं ते. तापटरावांच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

कप उचलून त्यांनी शेजारच्या टेबलावर ठेवला. मग शेफच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "खरं आहे, सर. तुम्ही बोलत होतात आणि मी कप बघत होतो. तुमच्याकडे बघायला हवं होतं. पस्तीस मिनिटं कुणी तुमच्याकडे बघितलं नाही, आणि मी येऊन पुन्हा तेच केलं."

एवढंच. मग ते गप्प उभे राहिले.

शेफची मूठ उघडली, आधी अंगठा, मग बाकीची बोटं. तापटरावांनी हे आयुष्यात गिऱ्हाइकाच्या खुर्चीतून कित्येकदा अनुभवलं होतं, समोर उभं राहून बघितलं नव्हतं. राग जाताना असा दिसतो तर. त्यांना त्या क्षणीसुद्धा कुतूहल वाटलं आणि ते कुतूहल त्यांच्या तोंडावर उमटलं असावं, कारण शेफ एकदम हसायला लागले.

"आता बरं वाटलं बुवा," शेफ म्हणाले, आणि कोटातून खांदा सोडवताना पुटपुटले, "खरंच चिडलो होतो मी. कधी चिडलो तेच कळलं नाही."

अधिकाऱ्यांचा गोंधळ झाला होता. "पण मग गुण किती? नजरेला नजर देणं यात तर एकच बसतो. स्वतः कबूल केलंय त्यांनी."

"एकच लिहा," मॅनेजरबाई म्हणाल्या. "आणि खाली शेऱ्याच्या जागी लिहा, की गप्प कोण आणि शांत कोण, हे याला ओळखता येतं, स्वतःचं नुकसान होत असतानासुद्धा. कॅप्टनला मला तेवढंच हवंय. नजर वर करायला तीन महिने देते." मग त्या तापटरावांना म्हणाल्या, "बावीस वर्षांपूर्वीची तुमची फाइल मी काल काढून वाचली. गप्प उभा राहीन, त्यांचं झालं की बोलेन, असं लिहिलंय. शेजारी कुणीतरी मोठ्ठा भोपळा दिलाय."

तापटरावांचे डोळे भरून आले, म्हणून त्यांनी चटकन टेबलाकडे बघितलं, आणि मग, पहिल्या दिवसाचा पहिला धडा आठवून, चटकन वर बघितलं.

"एक तारखेपासून पुढे या," बाई म्हणाल्या. "तीन महिने परीक्षेवर. आणि तो कप टाकून द्या. माझ्या मांडणीत टवका उडालेला कप आला कुठून?"

"माझ्याच खोलीतून, मॅडम," तापटराव म्हणाले.

घरी जाताना त्यांना वाटेत दोन माणसं रिक्षावाल्याशी भांडताना दिसली आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते बघायला थांबले नाहीत. मन पुढे पळत होतं. कॅप्टन! आता झुलतं दार ढकलून पुढे जायचं. ही बातमी आधी तिला सांगायची, आधी फक्त तिला.

बायकोचं मशीन चालूच होतं. त्यांनी दारातूनच सांगितलं. तिने पाय थांबवला, हात तोंडाशी नेला, उठून आली आणि त्यांच्या शर्टाची कॉलर उगाचच नीट केली. "खरंच?" ती म्हणाली. "खरंच का?" तिचे डोळे पाणावले होते. मग तिने सगळं विचारून घेतलं. कोण होतं, काय विचारलं, शेफ कसा ओरडला, कपाचं काय झालं. तापटरावांनी सगळं सांगितलं, कप फिरवून दाखवला, मूठ उघडून दाखवली. ती हसली, चहा ठेवला, दोन कप घेतले.

चहा पिताना घरात शांतता होती. छान शांतता होती, असं कुणालाही वाटलं असतं. तापटरावांनी सवयीने कपाकडे बघितलं. मग कप खाली ठेवला आणि बायकोकडे बघितलं. ती बशीच्या कडेवरून बोट फिरवत होती, गोल, गोल. सकाळी असंच तिने शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवली होती, दोनदा.

जाऊ दे, ती म्हणाली होती सकाळी. आणि ते हायसं वाटून निघाले होते. पंधरा वर्षं ते पोरांना शिकवत होते आणि घरी किती वेळा हे जाऊ दे ऐकून ते असेच निघाले होते? त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि मोजणं सोडून दिलं.

"ऐक," ते म्हणाले. "सकाळी तुला न सांगितल्याचं... अजून काही राहिलंय का?"

बायकोचं बोट थांबलं. तिने त्यांच्याकडे बराच वेळ बघितलं, गंमत करतायत का हे पाहत. ते गंमत करत नव्हते. त्यांची नजर वर होती, तिच्यावरच होती.

तिने चहाचा कप बाजूला सारला, मशीनचा दिवा बंद केला आणि खुर्ची जवळ ओढली.

"बावीस वर्षांचं आहे," ती म्हणाली. "वेळ आहे ना?"